ब्रॅकेटचा तोच बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतोय? आधी प्लेट कुठल्या बिंदूभोवती फिरते ते शोधा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतली ही तक्रार. मोल्डिंग मशिनच्या वर वाळूचं हॉपर चार कॉलमना ब्रॅकेट लावून टांगलेलं आहे. त्यांतल्या एका ब्रॅकेटचा वरचा, हॉपरच्या बाजूचा बोल्ट दर थोड्या महिन्यांनी तुटतो. नवा घातला की काही दिवस बरे जातात, मग आधी नट सैल पडतो आणि शेवटी बोल्टचं डोकंच हातात येतं. मेंटेनन्सच्या मामांनी दाखवताना एवढंच सांगितलं, "साहेब, बाकीचं तीन जसंच्या तसं हाईत बघा. ह्यो एकटाच टिकंना झालाय."

अशा वेळी बहुतेक ठिकाणी जे होतं तेच इथंही झालं होतं. तुटलेल्या बोल्टच्या जागी जास्त ग्रेडचा बोल्ट आला. मग बोल्ट टिकला, पण त्याचं होल लांबुळकं व्हायला लागलं आणि भार शेजारच्या बोल्टांवर सरकला. मुख्य म्हणजे फाईलमध्ये या ब्रॅकेटची आकडेमोड होती आणि तिच्यात सगळं सुरक्षित दिसत होतं. बेरीज-गुणाकार बरोबर होते, चुकीचा होता तो तपासायला निवडलेला बोल्ट. बाजूला लटकणारा भार घेणाऱ्या बोल्टांच्या गटात सगळ्यात जास्त भार कुणावर, हे ठरवताना 'मध्यापासून सगळ्यात लांबचा' असा नियम सर्रास लावला जातो. चारी कोपऱ्यांत बोल्ट असलेल्या चौकोनी गटात तो निम्मा तरी लागू पडतो. गट जरा वेडावाकडा झाला की तो फसवतो.

मांडणी अशी होती

ब्रॅकेटची प्लेट कॉलमच्या २५० मिमी रुंद फ्लँजवर सपाट बसवलेली आहे आणि उजवीकडे बाहेर आलेली आहे. बाहेरच्या टोकाशी हॉपरचा लग टेकतो, म्हणजे भार जवळजवळ प्लेटच्या प्रतलातच, सरळ खाली. बोल्ट चार, सगळे एम१२, मुळात ४.६ ग्रेडचे. उजव्या, म्हणजे भाराकडच्या उभ्या ओळीत तीन बोल्ट ८० मिमी अंतराने. त्यांना वरून खाली क, ख, ग म्हणू. डावीकडे १२० मिमीवर एकच बोल्ट, ख च्या उंचीला, तो घ. डावीकडे एकच का, तर वर आणि खाली केबलचे क्लँप आडवे येत होते. कारखान्यात बोल्टांची मांडणी अशाच कारणांनी ठरते, म्हणूनच पुस्तकातला नीटस चौकोन जागेवर क्वचित भेटतो.

हॉपर आणि भरलेली वाळू मिळून ३२०० किलो, चार ब्रॅकेटांत वाटून प्रत्येकी ८०० किलो. वाळू सुटी करायला हॉपरला व्हायब्रेटर आहे, त्यासाठी २५ टक्के वाढ धरली. झाले सुमारे १० किलोन्यूटन. चार आधारांवर भार अगदी समान कधीच वाटला जात नाही, एखादा लग जरा उंच बसला तर त्याच्या शेजाऱ्याचा वाटा वाढतो. त्यामुळे प्रत्यक्ष तपासताना प्रत्येक लगखाली फट आहे का, हे फीलर गेज घालून आधी बघावं. इथं फट नव्हती.

भाराची रेषा कुठून जाते हे ड्रॉइंगवरून घेऊ नका. लग जिथं टेकतो तिथून ओळंबा सोडा आणि ओळंब्याच्या दोरीपासून उजव्या बोल्टांच्या ओळीपर्यंत टेप लावा. इथं ते अंतर २५० मिमी आलं. पण हिशेबात धरायचं अंतर हे नाही. मोमेंटसाठी लागतं ते बोल्टांच्या गटाच्या मध्यबिंदूपासूनचं, म्हणजे सेंट्रॉइडपासूनचं अंतर. जवळच्या ओळीपासून किंवा कॉलमच्या कडेपासून मोजून मोकळं होणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे भार नेहमी खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

सेंट्रॉइड काढायला अवघड काही नाही. चारही बोल्ट सारख्या मापाचे, म्हणून त्यांच्या आडव्या अंतरांची सरासरी घ्यायची. डावीकडच्या घ पासून मोजलं तर तीन बोल्ट १२० वर आणि एक शून्यावर, सरासरी ९०. म्हणजे सेंट्रॉइड उजव्या ओळीच्या ३० मिमी डावीकडे, ख च्या उंचीला. भारापासून त्याचं अंतर २५० आणि ३० मिळून २८० मिमी.

लांबचा बोल्ट का फसवतो

आता अंतरं बघा. सेंट्रॉइडपासून घ ९० मिमीवर आहे. क आणि ग त्यापेक्षा जवळ, ८५.४ मिमीवर. ख तर ३० मिमीवरच. जुन्या आकडेमोडीत म्हणूनच घ निवडला होता आणि त्याच्यावर ८.१८ किलोन्यूटन येतात असं काढलं होतं. तो आकडा बरोबरच आहे, पण तो घ चा आकडा आहे. तुटत होता क.

प्रत्येक बोल्टवर दोन गोष्टी एकाच वेळी होतात. एक, सगळा भार खाली ओढतो आणि तो चौघांत सारखा वाटला जातो, इथं प्रत्येकी २.५ किलोन्यूटन, दिशा सरळ खाली. दोन, भार बाजूला असल्यामुळे प्लेट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला बघते. या फिरण्याने बोल्टवर येणारं बल सेंट्रॉइडपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतं आणि त्याची दिशा त्या अंतराच्या रेषेला काटकोनात असते. म्हणून डावीकडच्या घ ला फिरणं वर ढकलतं आणि उजवीकडच्या बोल्टांना खाली. वरच्या क ला ते शिवाय उजवीकडे ढकलतं आणि खालच्या ग ला डावीकडे.

घ ला फिरण्यातून १०.६८ किलोन्यूटन वर मिळतात, त्यातून सरळ ओढीचे २.५ वजा होतात. क ला फिरण्यातून मिळतात १०.१४, म्हणजे घ पेक्षा कमीच. पण क च्या बाबतीत सरळ ओढ त्या बलाच्या विरुद्ध जात नाही, काही अंशी त्याच्याच बाजूने जाते. वजाबाकी आणि बेरीज यांतला हा फरक पाच मिमीच्या अंतरापेक्षा खूप मोठा आहे.

एकच बिंदू सरकवा, उत्तर दिसतं

प्रत्येक बोल्टसाठी आडवं-उभं बल काढून वर्गमूळ घेता येतंच. पण कॉलमखाली उभं राहून कुठला बोल्ट तपासायचा हे ठरवायला मला यापेक्षा सोपी वाट आवडते, आणि ती पूर्ण अचूक आहे.

सेंट्रॉइडपासून भाराच्या उलट बाजूला, भाराच्या रेषेला काटकोनात सरकत गेलात तर एक जागा अशी येते, जिथं फिरण्यामुळे वर जाणं आणि सरळ ओढीमुळे खाली येणं एकमेकांना बरोबर कापतात. तिथं एखादा बोल्ट असता तर त्याच्यावर काहीच भार आला नसता. प्लेट खरं तर या जागेभोवती फिरते, सेंट्रॉइडभोवती नाही. हा बिंदू सापडला की प्रत्येक बोल्टवरचा एकूण भार, सरळ ओढीसकट, त्या बिंदूपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. म्हणजे लांबचा बोल्ट शोधण्याची सवय सोडायची गरज नाही. लांबी कुठून मोजायची तेवढं बदलायचं.

```
a = Σr² / (n·e)
k = P·e / Σr²
F = k·d
```

इथे r म्हणजे प्रत्येक बोल्टचं सेंट्रॉइडपासूनचं अंतर, n बोल्टांची संख्या, e भाराचं सेंट्रॉइडपासूनचं अंतर आणि P भार. a म्हणजे फिरण्याचा बिंदू सेंट्रॉइडपासून किती सरकला ते, d म्हणजे बोल्टचं त्या नव्या बिंदूपासूनचं अंतर, k म्हणजे त्या अंतराच्या दर मिमीमागे येणारा भार आणि F बोल्टवरचा भार.

आपल्या ब्रॅकेटमध्ये अंतरांच्या वर्गांची बेरीज २३,६०० येते. तिला ४ आणि २८० यांच्या गुणाकाराने भागलं की a निघतो २१ मिमी. सेंट्रॉइडच्या डावीकडे २१ मिमीवर खडूने फुली मारा आणि तिथून टेप लावा. k येतो ०.११८६ किलोन्यूटन प्रति मिमी.

| बोल्ट | सेंट्रॉइडपासून (मिमी) | फुलीपासून (मिमी) | भार (किलोन्यूटन) |
|---|---|---|---|
| क | ८५.४ | ९४.९ | ११.२६ |
| ख | ३०.० | ५१.१ | ६.०६ |
| ग | ८५.४ | ९४.९ | ११.२६ |
| घ | ९०.० | ६८.९ | ८.१८ |

फुली घ च्या दिशेने सरकली, त्यामुळे घ जवळ आला आणि क, ग लांब गेले. जो आकडा तपासला गेला त्यापेक्षा खरा सर्वांत मोठा भार सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त आहे.

उत्तर बरोबर आहे का याची पडताळणी एका मिनिटात होते. उभी बलं बेरजेला घ्या. क, ख, ग तिघेही सेंट्रॉइडच्या उजवीकडे ३० मिमीवर, म्हणून तिघांचं उभं बल ६.०६, एकूण १८.१८ खाली. घ चं ८.१८ वर. उरले १०, म्हणजेच आपला भार. आडवी बलं क आणि ग ची एकमेकांना कापतात. ही बेरीज जुळली नाही तर कुठंतरी दिशेचं चिन्ह चुकलंय.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर बोल्टांची आडवी अंतरं A मध्ये, उभी B मध्ये ठेवा, H2 मध्ये k, H3 आणि H4 मध्ये फुलीची आडवी-उभी जागा.

```
=$H$2*SQRT((A2-$H$3)^2+(B2-$H$4)^2)
```

a च्या सूत्राकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्यात P नाही. भार दुप्पट करा, फुली तिथंच राहते, म्हणून सगळ्यात जास्त भार घेणारा बोल्टही तोच राहतो. बदल होतो तो e मुळे. भार जितका जवळ, तितकी फुली लांब सरकते. भार खूप लांब असेल तर फुली सेंट्रॉइडला जाऊन भिडते आणि तेव्हाच जुना नियम खरा ठरतो. या ब्रॅकेटमध्ये घ सगळ्यात जास्त भाराचा व्हायला भार सेंट्रॉइडपासून जवळपास १७७० मिमीवर असायला हवा होता. आहे २८० वर.

कागद आणि लोखंड जुळतंय का ते बघा

आकडेमोडीवर विसंबून पाना उचलू नका, प्लेट स्वतः बोलते. हॉपर रिकामं करून खाली भक्कम टेकू दिल्यावर बोल्ट काढले तर होलच्या कडेला चकाकणारी, दाबलेली जागा दिसते. बलाची दिशा फुलीपासून बोल्टपर्यंतच्या रेषेला काटकोनात असते. क साठी ती उजवीकडे आणि खाली, आडव्यापासून साधारण ३२ अंश कललेली. प्लेट बोल्टला त्या दिशेने ढकलते, म्हणून प्लेटमधल्या होलची वरची-डावी कड दाबली जाते आणि कॉलमच्या फ्लँजमधल्या होलची खालची-उजवी. शिरोलीत नेमकं हेच दिसलं. घ च्या होलवर खुणा पुसट होत्या. प्लेटमध्ये खालच्या कडेला, फ्लँजमध्ये वरच्या, म्हणजे घ ला वर ढकललं जातंय हेही पटलं.

खुणांची दिशा हिशेबाशी जुळली नाही, तर भार तुम्ही समजता तिथून येत नाही असं समजा. हॉपर कुठंतरी अडकतंय, एखादा पाईप त्याला बाजूला ढकलतोय किंवा लग प्लेटच्या भलत्याच जागी टेकतोय.

तुटलेल्या बोल्टचं तोंडही बघून ठेवा, फेकू नका. इथं तोंडाचा बराच भाग गुळगुळीत, बारीक वक्र रेघांचा होता आणि उरलेला खरबरीत. गुळगुळीत भागात चीर हळूहळू वाढत गेली आणि उरलेला भाग शेवटी एकदम गेला, असा त्याचा अर्थ. हॉपर भरतं, रिकामं होतं, व्हायब्रेटर हादरे देतो, प्रत्येक वेळी बोल्ट होलमध्ये थोडा सरकतो. एका भरणीत हा बोल्ट तुटण्याइतका भार नव्हताच. ४.६ ग्रेडच्या एम१२ ची आट्यांवरची शिअर ताकद १९.५ किलोन्यूटनच्या आसपास येते. आयएस ८००:२००७ प्रमाणे ती १.२५ ने भागून १५.६ धरायची आणि भार १.५ ने गुणायचा. घ साठी हा गुणाकार १२.३ येतो, पास. क साठी १६.९, नापास. चुकीचा बोल्ट निवडल्यामुळे निकालच उलटा लागला होता.

क आणि ग चा भार सारखा असताना क च का तुटला, हा प्रश्न मामांनीच विचारला आणि तो अगदी योग्य होता. लग फ्लँजच्या पृष्ठभागापासून साधारण ४० मिमी बाहेर टेकत होता. त्यामुळे प्लेट वरच्या बाजूने कॉलमपासून सुटायला बघते आणि वरच्या बोल्टला थोडी ओढ बसते. हिशेबाने ती सव्वा किलोन्यूटनच्याही आत आहे, पण बरोबरीच्या दोघांत कुणाचा नंबर आधी लागणार हे ठरवायला पुरते. तुमच्याकडे हे अंतर मोठं असेल तर ओढ आणि शिअर एकत्र तपासावेच लागतील, इथला हिशेब त्यासाठी पुरा पडणार नाही.

दुरुस्ती

एक उपाय चर्चेत आला होता तो म्हणजे मधोमध आणखी एक बोल्ट घालायचा. सेंट्रॉइडजवळचा बोल्ट सरळ ओढीतला वाटा घेतो, फिरण्याला जवळजवळ विरोध करत नाही. इथला मोठा त्रास फिरण्याचा आहे, म्हणून त्यातून फारसं काही मिळत नाही.

दुसरा उपाय लग कॉलमकडे ६० मिमी सरकवण्याचा. त्याने क वरचा भार ११.२६ वरून ९.१५ वर येतो. एकही होल न पाडता एवढा फरक पडतो, म्हणून जिथं शक्य आहे तिथं हे आधी बघावं. इथं हॉपरचं तोंड मशिनवरून हललं असतं, त्यामुळे जमलं नाही.

खरा उपाय डावीकडच्या रिकाम्या कोपऱ्यांत होता. केबलचे क्लँप बाजूला घेतले की डाव्या ओळीत वर आणि खाली दोन होल बसतात. बोल्ट सहा होतात, गट सरळ चौकोनी होतो, आणि क वरचा भार ७.६८ किलोन्यूटनवर येतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश कमी. या गटात चारही कोपरे सेंट्रॉइडपासून सारखेच लांब आहेत, पण फुली डावीकडे सरकते, म्हणून उजवे दोन कोपरेच सगळ्यात जास्त भार घेतात. 'लांबचा बोल्ट' इथं चार उत्तरं देतो, त्यांतली दोनच खरी.

यात एक गोष्ट मला फार शिकवणारी वाटते. डावीकडे दोन कोपरे घातल्यावर मधला घ काढून टाकला, म्हणजे पाचच बोल्ट ठेवले, तरी क वर ७.७१ येतात. सहाव्या बोल्टने फरक पडला ०.०३ चा. कारण घ ठेवला की सेंट्रॉइड भारापासून आणखी १२ मिमी लांब जातो, मोमेंट वाढतो, आणि घ ने उचललेला वाटा त्यातच खर्च होतो. बोल्ट वाढवला म्हणजे भार त्या प्रमाणात उतरला असं नसतं, तो कुठल्या बाजूला वाढवला यावर सगळं आहे. घ चं होल आहेच, म्हणून बोल्ट राहू दिला, एवढंच.

क ची होलं प्लेटमध्ये आणि फ्लँजमध्ये लांबुळकी झाली होती. ती तशीच ठेवून नवा बोल्ट घालणं म्हणजे तीच तक्रार पुन्हा ओढवणं, कारण ढिल्या होलमधला बोल्ट भार घ्यायला उशिरा लागतो आणि तोवर बाकीचे जास्त ओढले जातात. आपला सगळा हिशेब सगळे बोल्ट एकदम कामाला लागतात असं धरून आहे. म्हणून सहाही होल ड्रिलने १८ मिमी केली, म्हणजे लांबुळका भागही साफ निघाला, आणि एम१६, ८.८ ग्रेडचे बोल्ट घातले. गॅसने होल मोठी करू नका, कडा वाकड्या राहतात आणि कुठला बोल्ट टेकलाय ते कळत नाही. १८ च्या होलपासून प्लेटच्या कडेपर्यंत, मशिनने कापलेल्या कडेला, मध्यापासून किमान २७ मिमी हवेत. ते होते.

बसवताना दोन्ही पृष्ठभागांवरचा रंग खरवडून काढला आणि बोल्ट पुरेपूर ताणून घट्ट केले, जेणेकरून प्लेट घर्षणावरच धरली जाईल आणि बोल्ट होलमध्ये हलणारच नाही. घर्षणांक ०.२ धरला तरी एम१६ चा असा एक बोल्ट सुमारे १६ किलोन्यूटनपर्यंत घसरू देत नाही, आणि आपल्याला रोजच्या वापरात हवेत ७.७. जिथं व्हायब्रेटर आहे तिथं नुसता हाताने घट्ट केलेला बोल्ट मी मान्य करणार नाही, त्याची ताकद कागदावर कितीही असो. घट्ट केल्यावर प्रत्येक नटावरून प्लेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढून घ्या. पहिल्या आठवड्यानंतर आणि मग महिन्याने रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.

हा हिशेब कुठं चालत नाही

बोल्ट वेगवेगळ्या मापांचे असतील तर सरासरी काढताना प्रत्येकाचं क्षेत्रफळ धरावं लागतं. प्लेट पातळ असेल आणि स्वतःच वाकत असेल तर अंतराच्या प्रमाणात भार वाटला जातो हे गृहीतच कोसळतं. भार तिरका असेल तर फुली आडवी न सरकवता भाराच्या रेषेला काटकोनात सरकवा, बाकी सगळं तसंच. आणि ब्रॅकेट कॉलमवर सपाट नसून आडवी टेकलेली असेल, म्हणजे भार बोल्टांच्या प्रतलाच्या बाहेर असेल, तर वरचे बोल्ट मुख्यतः ओढीत जातात आणि तिथं ही फुली उपयोगाची नाही. तो वेगळा हिशेब आहे.

समोरच्या कॉलमचं ब्रॅकेट तपासायला विसरू नका

हॉपरच्या दोन बाजूंच्या ब्रॅकेटांत भार एकीकडे उजवीकडे असतो तर दुसरीकडे डावीकडे. फॅब्रिकेटरने प्लेट उलटी न करता तशीच लावली, तर तीन बोल्टांची ओळ भारापासून दूर जाते आणि एकटा बोल्ट भाराकडे येतो. भार जवळच्या ओळीपासून २५० मिमीवरच राहिला तरी सेंट्रॉइडपासून तो ३४० वर जातो. फुली सरकते १७ मिमी, आणि एकट्या बोल्टवर येतात १५.४७ किलोन्यूटन. तीच प्लेट, तेच चार बोल्ट, आणि यावेळी सेंट्रॉइडपासून लांबचा बोल्टच खरंच सगळ्यात जास्त भाराचा. दीडपट करून २३.२, म्हणजे एम१२ ची पुरी ताकदही ओलांडली.

शिरोलीत समोरच्या प्लेटा उलट्या करून लावलेल्या होत्या, म्हणून तिथं हे झालं नाही. तुमच्याकडे ड्रॉइंगवर 'चार नग' एवढंच लिहिलेलं असेल, दोन सुलट आणि दोन उलट असं नसेल, तर चारही कॉलमखाली जाऊन बघा. एकटा बोल्ट भाराकडे दिसला तर त्या ब्रॅकेटखाली टेकू द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत हॉपर भरू नका.